शनिवारचे दोन तास : घरच्या ट्रेडिंग स्क्रिप्टची साप्ताहिक तपासणी

26 ऑगस्ट 2025 रोजी सकाळी एचडीएफसी बँकेचा शेअर आदल्या दिवशीच्या बंद भावाच्या जवळपास निम्म्यावर उघडला. बँकेवर कोणतेही संकट आलेले नव्हते. एका शेअरमागे एक बोनस शेअर मिळणार होता, त्याची रेकॉर्ड डेट 27 ऑगस्ट होती आणि त्या दिवशी गणेश चतुर्थीची सुटी असल्यामुळे भाव एक दिवस आधीच बोनसविना झाला होता. बातम्या वाचणाऱ्याला हे ठाऊक होते. पण ‘खरेदीच्या भावापेक्षा आठ टक्के खाली गेले की विकून टाक’ एवढेच शिकवलेल्या स्क्रिप्टला त्या सकाळी पन्नास टक्के तोटा दिसणार आणि ती विकायला निघणार. अशी विक्री झाली तर अर्धी रक्कम बुडते असे नाही, कारण बोनसचे शेअर मागाहून खात्यात जमा होतात. मात्र मालकाच्या मनात नसलेला व्यवहार झालेला असतो, त्यावर खर्च लागतो, कराचा हिशेब बदलतो आणि दीर्घकाळ ठेवायचे म्हणून घेतलेले शेअर हातचे गेलेले असतात.

ही दुर्घटना टाळायला फार हुशारी लागत नाही. आदल्या शनिवारी कोणीतरी पुढच्या आठवड्यातल्या बोनस, स्प्लिट आणि लाभांशांची यादी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर पाहिलेली असणे एवढेच लागते.

ब्रोकर आता एपीआय देतात, म्हणजे ग्राहकाचा प्रोग्रॅम ब्रोकरच्या यंत्रणेशी थेट बोलू शकेल अशी वाट देतात. पायथनमध्ये दोन-तीनशे ओळी लिहून नोकरी सांभाळत आपले नियम राबवणारी माणसे यामुळे तयार झाली. सेबीने 4 फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाने या व्यवहारांना चौकट घातली. ऑर्डर कोणाच्या स्क्रिप्टने, कोणत्या मार्गाने पाठवली याचा माग राहिला पाहिजे, हा त्या नियमांचा गाभा आहे. पण चौकट ब्रोकर आणि एक्स्चेंज सांभाळतात. घरच्या स्क्रिप्टची निगा मालकानेच राखायची असते.

निगेसाठी शनिवार सोयीचा, कारण बाजार बंद असतो आणि शुक्रवारचे कॉन्ट्रॅक्ट नोट हातात आलेले असते. मात्र शनिवार नेहमीच रिकामा असतो असे धरू नये. 2 मार्च आणि 18 मे 2024 या शनिवारी बाजाराची विशेष सत्रे झाली, आणि अर्थसंकल्पामुळे 1 फेब्रुवारी 2025 चा शनिवार पूर्ण कामकाजाचा होता. म्हणून स्क्रिप्ट बंद करण्याआधी एक्स्चेंजचे सुटीपत्रक पाहायचे, मग पुढची कामे.

ही कामे समजून घेण्यासाठी एक साधी, कल्पित व्यवस्था समोर ठेवू. पाच लाखांचे भांडवल, दहा मोठ्या कंपन्यांचे शेअर, सगळे डिलिव्हरीचे व्यवहार. भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर पायथनची स्क्रिप्ट चालते, ती आपली नोंद `bot.log` या फाइलमध्ये लिहिते आणि कोणता शेअर किती, कोणत्या भावाने घेतला हे `trades.db` नावाच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवते. यापेक्षा मोठी व्यवस्था असली तरी तपासणीचा क्रम तोच राहतो.

पहिले काम लॉग वाचण्याचे. इथे बहुतेक जण एक चूक करतात: लॉगमध्ये ‘ERROR’ शब्द शोधतात, तो सापडला नाही की समाधानाने फाइल बंद करतात. पण लॉग म्हणजे स्क्रिप्टने स्वतःबद्दल लिहिलेले असते. स्क्रिप्टचा समजच चुकीचा असेल तर लॉग स्वच्छ दिसतो आणि खाते बिघडलेले असते. म्हणून लॉग एकट्याने वाचायचा नसतो. तो ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटशेजारी ठेवून, दुकानदार रात्री रोजमेळ आणि गल्ला जुळवतो तसा जुळवायचा असतो.

या चार ओळी पाहा.

```
10:02:11 SEND    BUY 40 tag=A1107
10:02:18 TIMEOUT
10:02:19 SEND    BUY 40 tag=A1107
10:02:20 OK      BUY 40
```

स्क्रिप्टने 40 शेअरांची ऑर्डर पाठवली. सात सेकंद उत्तर आले नाही, म्हणून तिने ऑर्डर गेली नाही असे धरले आणि पुन्हा पाठवली. दुसऱ्यांदा उत्तर आले. डेटाबेसमध्ये नोंद पडली 40 ची. प्रत्यक्षात पहिली ऑर्डरही ब्रोकरपर्यंत पोहोचली होती आणि पूर्णही झाली होती. वाटेत हरवले होते ते फक्त उत्तर. कॉन्ट्रॅक्ट नोटवर खरेदी 80 ची आहे.

खरा धोका यापुढे आहे. चार दिवसांनी विक्रीचा नियम लागू होतो तेव्हा स्क्रिप्ट 40 विकते आणि व्यवहार संपला असे मानते. उरलेले 40 शेअर तिच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. त्यांच्यावर स्टॉप-लॉस नाही, भावाची नजर नाही. बाजार घसरला तर तोटा त्या 40 शेअरांवर साचत जातो आणि लॉगमध्ये त्याबद्दल एक अक्षर उमटत नाही.

हे ओळखण्याचा मार्ग साधा आहे. प्रत्येक शेअरसाठी तीन आकडे शेजारीशेजारी लिहायचे: डेटाबेसमधला साठा, ब्रोकरच्या होल्डिंग्जमध्ये दिसणारा साठा, आणि आठवड्याच्या कॉन्ट्रॅक्ट नोटांवरून निघणारा साठा. तिसरा आकडा काढताना गेल्या शनिवारचा साठा घ्यायचा, त्यात खरेदी मिळवायची, विक्री वजा करायची. तिन्ही आकडे जुळले तरच तो शेअर तपासून झाला. बोनस किंवा स्प्लिट झालेल्या शेअरात फरक दिसेल, तो समजून घेऊन हाताने नोंदवायचा. बाकी कोणताही फरक, तो एका शेअरचा का असेना, कारण सापडेपर्यंत सोडायचा नाही.

दुरुस्तीही फार मोठी नसते. वर `tag=A1107` असे दिसते. अनेक ब्रोकरांच्या एपीआयमध्ये प्रत्येक ऑर्डरला अशी खूणचिठ्ठी लावता येते. टाइमआउट झाला तर लगेच पुन्हा पाठवायचे नाही; आधी ब्रोकरच्या ऑर्डर बुकात तीच खूण आहे का ते विचारायचे, नसेल तरच पाठवायचे. काही ब्रोकरांकडे एपीआयवरचे ऑर्डर बुक फक्त त्या दिवसापुरतेच मिळते. त्यामुळे ते रोज बाजार बंद झाल्यावर उतरवून ठेवण्याचे काम स्क्रिप्टलाच लावून द्यावे, नाहीतर शनिवारी जुळवायला हातात काही उरत नाही.

जुळणी झाली की मगच संशयास्पद ओळी शोधायच्या:

```
grep -Ei "timeout|retry|reject|warn" bot.log
```

इथे एकेका ओळीपेक्षा संख्येकडे पाहावे. गेल्या आठवड्यात दोन टाइमआउट आणि या आठवड्यात एकोणीस, तर काहीतरी बदलले आहे, मग एकही ऑर्डर चुकलेली नसो. लॉगमधल्या वेळाही तपासाव्यात. पुष्कळ सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात. त्यांच्या लेखी आपला सव्वानऊचा बाजार 03:45 ला उघडतो. लॉग यूटीसीमध्ये आणि कॉन्ट्रॅक्ट नोट भारतीय वेळेत असेल तर जुळणी करताना साडेपाच तासांचा घोळ होतो.

इशारे न वाचण्याची सर्वांत महागडी नोंद अमेरिकेत आहे. 1 ऑगस्ट 2012 रोजी नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीने नवे सॉफ्टवेअर सुरू केले. आठपैकी एका सर्व्हरवर ते बसवायचे राहून गेले आणि तिथला वर्षानुवर्षे न वापरलेला जुना कोड जागा झाला. बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या यंत्रणेने त्या जुन्या कोडाचे नाव घेऊन चूक सांगणाऱ्या 97 ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवल्या होत्या. त्या धोक्याची सूचना म्हणून आखलेल्या नव्हत्या आणि आल्या तेव्हा कोणी त्यांची दखल घेतली नाही. बाजार उघडल्यावर सुमारे 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. घरच्या स्क्रिप्टच्या मालकाने यातून घ्यायचे ते एवढेच, की रोज शंभर बारीकसारीक ईमेल पाठवणारी स्क्रिप्ट आणि एकही न पाठवणारी स्क्रिप्ट यांत फरक राहत नाही. शनिवारी लॉग वाचताना ज्या सूचनांवर कधीच काही करावे लागत नाही, त्या बंद करून टाकाव्यात.

दुसरे काम किल्ल्यांचे. एपीआय वापरणाऱ्याकडे साधारण तीन गोष्टी असतात: सगळ्यांना दिसली तरी चालेल अशी एपीआय की, गुप्त ठेवायचे सिक्रेट, आणि रोज लॉगिन केल्यावर मिळणारे ॲक्सेस टोकन. टोकन अल्पायुषी असते. झेरोधाच्या काइट कनेक्टमध्ये ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संपते. त्यामुळे जपायचे ते सिक्रेट आणि लॉगिनचा तपशील.

भारतात गुंतवणूकदाराचे पैसे त्याच्याच बँक खात्यात काढता येतात, म्हणून किल्ली गेली तरी चोराला काय मिळणार, असा युक्तिवाद बरेचदा ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि क्रिप्टोच्या बाजारात 2022 साली त्याची प्रचिती आली. थ्रीकॉमाज या ट्रेडिंग बॉट पुरवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांच्या एपीआय किल्ल्या फुटल्या; कंपनीने डिसेंबरअखेर ते मान्य केले. त्यांतल्या अनेक किल्ल्यांना पैसे काढण्याची परवानगीच नव्हती, फक्त खरेदी-विक्रीची होती. तेवढी पुरली. ज्या नाण्यात फारसे व्यवहार होत नाहीत असे नाणे चोराने आधी स्वतः घ्यायचे, मग बळीच्या खात्यातून ते चढ्या भावाने खरेदी करवायचे. पैसा खात्यातून ‘काढला’ जात नाही, तोट्याच्या वाटेने दुसऱ्याकडे जातो. उलाढाल कमी असलेल्या शेअरात किंवा ऑप्शनमध्ये हीच युक्ती चालू शकते. ज्याने डीडीपीआय, म्हणजे विक्रीचे शेअर खात्यातून उचलण्याची ब्रोकरला दिलेली कायमची संमती, दिलेली आहे त्याच्या विक्रीला टीपिनची अडचणही आडवी येत नाही.

शनिवारी किल्ल्यांची तपासणी दहा मिनिटांत होते. सिक्रेट ज्या `.env` फाइलमध्ये आहे ती दुसऱ्या वापरकर्त्याला वाचता येत नाही ना, आणि ती कधी चुकून गिटच्या भांडारात गेली होती का, हे पाहायचे.

```
ls -l .env
git log --all --oneline -- .env
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात ओळीच्या सुरुवातीला `-rw-------` दिसले पाहिजे. दुसऱ्या आज्ञेने काहीच दाखवू नये. एकही ओळ आली तर ती फाइल इतिहासात आहे. आता पुसून टाकली तरी जुन्या नोंदीत ती वाचता येते. मग ब्रोकरच्या पानावर जाऊन सिक्रेट बदलणे हाच उपाय. यानंतर ब्रोकरच्या पानावर कोणती ॲप जोडलेली आहेत आणि अलीकडची लॉगिन कुठून झाली ते पाहावे. एपीआयच्या ऑर्डर आता ब्रोकरकडे नोंदवलेल्या स्थिर आयपी पत्त्यावरूनच पाठवायच्या आहेत. तो पत्ता आणि सर्व्हरचा आजचा पत्ता एकच आहे का, हे `curl ifconfig.me` सांगते. घरच्या ब्रॉडबँडवर स्क्रिप्ट चालवणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलू शकतो आणि सोमवारी सगळ्या ऑर्डर नाकारल्या जातात.

सोयीपोटी होणारी एक चूक फार पसरलेली आहे. रोज सकाळी ओटीपी टाकायचा कंटाळा येतो म्हणून पासवर्ड आणि ओटीपी तयार करणारे मूळ गुपित दोन्ही एकाच फाइलमध्ये लिहून लॉगिन आपोआप केले जाते. त्या क्षणी दोन कुलपांची व्यवस्था संपते. एक फाइल गेली की खाते गेले. रोज सकाळी मिनिटभर काढून स्वतः लॉगिन करणे बरे.

तिसरे काम बॅकअपचे, आणि इथेही प्रश्न प्रत घेतली का हा नाही, ती उघडते का हा आहे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे अनेक मार्ग होते. पण रोजची प्रत घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने अपयशी ठरत होता आणि ते सांगणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. अखेर एका अभियंत्याने योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या प्रतीवरून काम पुन्हा उभे करावे लागले.

आपल्या छोट्या व्यवस्थेत चालू डेटाबेसची फाइल नुसती `cp` करून उचलणे धोक्याचे असते, कारण त्याच क्षणी स्क्रिप्ट त्यात लिहीत असेल तर प्रत अर्धवट निघू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची आज्ञा वापरावी आणि मग ती प्रत दुसऱ्या यंत्रावर नेऊन उघडावी.

```
sqlite3 trades.db ".backup 'w45.db'"
sqlite3 w45.db "PRAGMA integrity_check;"
```

उत्तर `ok` आले की फाइल धड आहे एवढेच कळते. आत योग्य नोंदी आहेत का हे पाहायला मघाची जुळणी कामी येते: त्याच प्रतीतून दहा शेअरांचा साठा काढायचा आणि ब्रोकरच्या आकड्याशी ताडायचा. तो जुळला तर प्रत खरी. सोबत आठवड्याचे लॉग, कॉन्ट्रॅक्ट नोट आणि नियमांची फाइल ठेवायची. सिक्रेट मात्र या गठ्ठ्यात घालू नये, कारण बॅकअप दोन-तीन ठिकाणी जातो आणि प्रत्येक ठिकाणी तेवढीच काळजी घेतली जात नाही. लॉग लिहिणारी व्यवस्था ठरावीक आकारानंतर जुन्या फाइल पुसत असेल तर आठवड्याचा लॉग पुसण्याआधी उचलला जातो आहे ना, हेही पाहावे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात व्यवहारांबद्दल शंका निघाली तर याच फाइली उत्तर देतात.

उरले मर्यादांचे काम: स्टॉप-लॉस किती टक्क्यांवर, एका व्यवहारात जास्तीत जास्त जोखीम किती, दिवसभरात किती तोट्यानंतर स्क्रिप्टने थांबायचे. मोह सर्वांत जास्त इथेच असतो. आठवडा वाईट गेला की हात नियमाकडे जातो. म्हणून आधी निदान करावे, बदल नंतर.

एक उदाहरण सोडवून पाहू. शेअरचा भाव 1000 रुपये आहे आणि स्टॉप-लॉस दोन टक्क्यांवर, म्हणजे 20 रुपये खाली. या आठवड्यात तो तीनदा लागला आणि तिन्ही वेळा भाव पुन्हा वर आला. गेल्या चौदा दिवसांत हा शेअर दिवसाला सरासरी किती हलतो हे काढले. या आकड्याला ट्रेडर एटीआर म्हणतात. तो 22 रुपये निघाला. म्हणजे शेअर नेहमीसारखा हलला तरी 20 रुपयांची मर्यादा लागणारच होती. दोष नशिबाचा नाही, मर्यादेचा आहे.

समजा ठरवले की स्टॉप एटीआरच्या दुप्पट अंतरावर ठेवायचा, म्हणजे 44 रुपये. इथे अनेक जण थांबतात आणि नकळत जोखीम दुपटीहून जास्त करून बसतात, कारण शेअरांची संख्या तीच राहते. व्यवहारामागची जोखीम पाच हजार रुपये, म्हणजे भांडवलाच्या एक टक्का, ठरलेली असेल तर 44 रुपयांच्या अंतराला 113 शेअर बसतात. महिन्याभराने बाजार खवळला आणि एटीआर 35 झाला, तर अंतर 70 रुपयांचे होते आणि शेअर फक्त 71 घ्यायचे. मर्यादा रुंद झाली की संख्या घटली पाहिजे. दोन्ही आकडे एकाच वेळी बदलायचे.

कोणती मर्यादा कधी बदलायची याचा नियम आधीच लिहिलेला असावा. ‘एटीआर एक चतुर्थांशाहून अधिक बदलला तर’ असा नियम चालतो. ‘सलग तीन तोटे झाले म्हणून’ हा चालत नाही. बदल शनिवारीच करायचा, त्याची तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण नियमांच्या फाइलमध्ये लिहायचे, आणि चालू दिवसात त्याला हात लावायचा नाही. दिवसाच्या तोट्याची मर्यादा वाढवायची असेल तर आणखी एक आठवडा थांबावे. ती कमी करायला थांबण्याची गरज नाही.

काही मर्यादा आपण नव्हे, बाजारच बदलतो. 1 सप्टेंबर 2025 पासून एनएसईच्या डेरिव्हेटिव्ह करारांची मुदत गुरुवारऐवजी मंगळवारी संपू लागली. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये गुरुवार कोरून ठेवलेला होता त्यांचे नियम त्या आठवड्यापासून चुकीच्या दिवशी लागू झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये निफ्टीच्या नव्या करारांचा लॉट 25 वरून 75 झाला. ‘दोन लॉट’ असे लिहिलेल्या स्क्रिप्टची जोखीम एका रात्रीत तिप्पट झाली. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून ऑप्शनच्या विक्रीवरचा व्यवहार कर 0.0625 टक्क्यांवरून 0.1 टक्का झाला, आणि थोड्या नफ्यावर चालणारे काही नियम खर्चातच गेले. म्हणून वार, लॉट आणि खर्चाचे दर कोडात कोरून न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत आणि एक्स्चेंजच्या ताज्या परिपत्रकांशी दर शनिवारी ताडून पाहावेत. बोनस आणि स्प्लिटची यादी पाहायची ती याच वेळी. त्या यादीत आपला शेअर असेल तर त्या दिवसापुरता त्याचा स्वयंचलित विक्रीचा नियम बंद ठेवावा.

हे सगळे सवयीनंतर दोन तासांत होते, आणि त्यातला मोठा भाग आकडे जुळवण्यात जातो. एखाद्या शनिवारी वेळच मिळाला नाही तर मर्यादांचा आढावा पुढच्या आठवड्यावर ढकलता येतो, पण येणाऱ्या बोनस-स्प्लिटची यादी पाहणे आणि साठ्याची जुळणी ढकलता येत नाही. एखाद्या शेअरचे तीन आकडे जुळत नसतील आणि कारण सापडत नसेल, तर सोमवारी स्क्रिप्ट सुरू करू नये. त्या दिवशीचे व्यवहार हाताने करावेत, किंवा करूच नयेत.